चोवीस सोंगट्या आणि दोनच चाली

डेमोला क्लायंटकडून ज्या बाई आल्या होत्या त्या रिव्हर्सी मुरलेल्या खेळाडूसारख्या खेळतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मोबाइलवरच्या पटाच्या खेळांचं ॲप होतं. रिव्हर्सीत समोरच्याच्या सोंगट्या आपल्या दोन सोंगट्यांत पकडून उलटवायच्या, म्हणजे त्या आपल्या होतात. रिव्हर्सीचा कोड आधीच्या टीमकडून आमच्याकडे आला होता आणि मी फक्त स्क्रीन नीट केल्या होत्या. बाईंनी ‘अवघड’ लेव्हल निवडली. अर्धा डाव झाला तेव्हा बॉटच्या चोवीस सोंगट्या होत्या आणि त्यांच्या चार. आमचे मॅनेजर खूश होऊन म्हणाले, “मॅडम, आता काही खरं नाही.”

“थांबा हो, अजून छत्तीस घरं रिकामी आहेत,” त्या म्हणाल्या. शेवटी त्या ४५-१९ अशा जिंकल्या. चारपैकी तीन कोपरे त्यांचे होते.

त्या गेल्यावर मॅनेजरांनी फर्मान काढलं, “सहा चाली पुढचं बघतो ना तो? आठ कर.” मी करून पाहिलं. बॉट फक्त जास्त वेळ घेऊन त्याच वळणाने हरायला लागला. हे व्हायचंच होतं. शोध कितीही खोल नेला तरी टोकाला पोहोचल्यावर ‘ही स्थिती किती चांगली’ हे एका आकड्यात सांगणारं फंक्शन तेच असतं. त्याचा समजच चुकीचा असेल, तर खोल शोध त्या चुकीच्या ध्येयाकडे अधिक नेटाने जातो.

फंक्शन असं होतं:

```
score = wm*mat + wv*mob + wp*pos
```

`mat` म्हणजे सोंगट्यांचा फरक, `mob` म्हणजे उपलब्ध चालींचा फरक आणि `pos` म्हणजे ज्या घरांवर सोंगट्या आहेत त्यांच्या वजनांची बेरीज. तिन्ही गुणक १ ठेवलेले होते, डावाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी बाईंच्या डावातली ती २४-४ ची स्थिती काढली. बॉटची पाळी होती. सोंगट्यांचे +२०, घरांचे +१४. चाली मोजल्या तर बॉटला दोन आणि बाईंना अकरा, म्हणजे −९. एकूण +२५. बॉटच्या मते तो आरामात पुढे होता. आणि त्या दोन चाली कुठल्या? b2 आणि g7. दोन्ही कोपऱ्याला तिरपी लागून असलेली घरं, आणि दोन्ही कोपरे रिकामे. कुठलीही खेळा, कोपरा समोरच्याला मिळायची वाट मोकळी होते, आणि कोपऱ्यातली सोंगटी पुन्हा कधीच उलटत नाही.

हे होतं कसं, ते नियमातच आहे. चाल करायला रिकाम्या घराशेजारी समोरच्याची सोंगटी लागते, जी आपल्या दोन सोंगट्यांत पकडून उलटवता येईल. आपल्या चोवीस सोंगट्या बाहेरच्या बाजूने पसरलेल्या असल्या, की समोरच्याला उलटवायला जागोजागी माल मिळतो. आपल्याला मात्र त्याच्या चारच सोंगट्या, त्याही आत कोंडलेल्या. सोंगट्या जास्त असणं हेच चाली आटण्याचं कारण होतं. निकाल शेवटी सोंगट्या मोजूनच लागतो, म्हणून आधीच्या माणसाला ते मोजमाप भरवशाचं वाटलं असावं. पण मधल्या डावातली सोंगटी कुणाची, हे पुढच्या दोन चालींत बदलतं.

दुसरी अडचण मापांची. सोंगट्यांचा फरक साठाच्या घरात जाऊ शकतो, चालींचा फरक क्वचित पंधरापुढे जातो आणि एका कोपऱ्याचं वजन १२० होतं. तीन वेगळ्या पट्ट्यांनी मोजून सरळ बेरीज केली, की मोठ्या आकड्याची पट्टीच निर्णय घेते. म्हणून चालींसाठी मी प्रमाण घेतलं: फरक भागिले बेरीज, गुणिले १००. दोन विरुद्ध अकरा म्हणजे −६९. गुणक २ केला की −१३८, म्हणजे कोपरा गमावल्यापेक्षाही थोडं वाईट, आणि त्या स्थितीत ते खरंच होतं. सोंगट्यांचा गुणक मधल्या डावात शून्य केला. शेवटची बारा घरं उरली की बॉट डाव थेट शेवटपर्यंत मोजतो. तिथे अंदाज लागतच नाही, सोंगट्यांचा अंतिम फरकच खरा. त्याच स्थितीला आता −१२४ मिळाले.

प्रमाणाचाही एक दोष आहे. एक विरुद्ध तीन आणि पाच विरुद्ध पंधरा, दोन्हींचे −५० येतात. पाच चाली असलेल्याला निवड असते, एक असलेल्याला नसते. म्हणून आपल्या चाली तीनपेक्षा कमी झाल्या तर वेगळा दंड लावला.

खरी गंमत घरांच्या तक्त्यात होती. b2 ला −४०, b1 आणि a2 ला −२०. कोपरा रिकामा असताना हे बरोबरच आहे, कारण तिथे बसलेली सोंगटी समोरच्याला कोपऱ्यात यायला पूल देते. पण दुसऱ्या एका डावात बॉटने a1 घेतला होता आणि b1 ची चाल समोर होती. a1 हातात असेल तर b1 ची आपली सोंगटी पुन्हा कधीच उलटत नाही. तिच्या एका बाजूला पटाची कड आणि दुसऱ्या बाजूला न हलणारा कोपरा. तिला कुणी दोन बाजूंनी पकडणार कसं? तरी बॉट ती चाल टाळून मधे कुठेतरी खेळत होता, कारण तक्त्यात −२० छापलेले होते. समोरच्याने मग ती कड अडवली. आता कोपरा भरला, की त्याच्या शेजारच्या तीन घरांची उणे वजनं काढून टाकली जातात, आणि कोपऱ्याच्या मालकाची कडेची सोंगटी असेल तर थोडे गुण मिळतात.

बदल करताना एक तपासणी फार कामी आली. पट फिरवून आणि आरशात उलटा करून एकाच स्थितीची आठ रूपं होतात, आठही रूपांचा गुण सारखा यायला हवा. रंग आणि पाळी अदलाबदल केली तर सगळं तेच राहायला हवं. जुन्या तक्त्याने इथेच मान टाकली: g7 ला −४० ऐवजी चक्क +४० लिहिलेलं होतं. उणे चिन्ह टाइप करायचं राहिलेलं. म्हणजे बॉट त्या एका घराच्या प्रेमातच होता.

संध्याकाळी मॅनेजरांनी विचारलं, “नवा जुन्याला हरवतो का? शंभर डाव लावून दे.” मी लावले असते तर तो एकच डाव शंभर वेळा झाला असता, कारण दोन्ही बॉट एकाच स्थितीत नेहमी तीच चाल करतात. म्हणून पहिल्या सहा चाली यादृच्छिक ठेवून शंभर वेगवेगळे आरंभ बनवले आणि प्रत्येक आरंभ दोनदा खेळवला, रंग बदलून. दोनशे डावांत निव्वळ नशिबाने सातेक डाव इकडेतिकडे होतात, त्यामुळे १०४-९६ ला मी काहीच मानलं नसतं. नव्याने दीडशेच्या वर जिंकले, तेव्हा थांबलो.

तक्ता तरीही प्रत्येक घर सुटं पाहतो. कडेवर सलग सहा सोंगट्या आणि मधे एक भोक असलेल्या सहा यांतला फरक त्याला दिसत नाही, आणि खेळाडू कडा तर पूर्ण आकृती म्हणूनच वाचतात. १९९७ मध्ये विश्वविजेते ताकेशी मुराकामी यांना ६-० ने हरवणारा मिखाएल बुरो यांचा लॉजिस्टेलो कडा आणि कर्ण असेच अख्खे आकार म्हणून तोलायचा, आणि त्यांची वजनं खेळलेल्या डावांवरून काढलेली होती. आमच्या ॲपला तेवढं परवडणारं नव्हतं, आणि ‘अवघड’ तोवर खरोखर अवघड झाला होता.

जुनं फंक्शन फेकलं नाही. g7 चं चिन्ह सुधारून तेच ‘सोपा’ लेव्हलला लावलं. नवखा खेळाडू अर्ध्या डावात पार कोंडीत सापडल्यासारखा दिसतो आणि मग बहुतेक वेळा जिंकतो.