‘ओढ’, घरं चार आणि हाताशी फक्त ‘र्ष’ नि ‘ण’

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी मामांकडे गेलं की रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं आम्ही दोघं मिळून सोडवतो. एका कोड्यातला एक आडवा शब्द कसा सुटला ते सविस्तर लिहितोय, कारण एवढ्या मोघम क्लूमध्येही किती माहिती दडलेली असते हे मला त्या दिवशी नीट दिसलं.

क्लू एकाच शब्दाचा होता: ‘ओढ’. घरं चार. उभ्यांपैकी ‘वर्ष’ आणि ‘धोरण’ आधीच भरलेले होते, म्हणून तिसऱ्या घरात ‘र्ष’ आणि चौथ्या घरात ‘ण’ आयते मिळाले. पहिली दोन घरं कोरी.

‘ओढ’ला अर्थ तरी किती! घराची ओढ, नदीच्या पाण्याची ओढ, पैशाची ओढ, पावसाने दिलेली ओढ. क्लू वाचून अर्थाच्या बाजूने विचार सुरू केला असता तर ‘तळमळ’, ‘अनुराग’ असे चार घरांचे शब्द डोक्यात घोळत राहिले असते आणि अक्षरांशी एकाचंही जमलं नसतं. म्हणून अशा वेळी मी क्लू थोडा वेळ बाजूला ठेवतो आणि मिळालेली अक्षरंच वाचतो.

मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसतं. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळं त्याच घरात. रफार ज्या अक्षरावर असतो त्याच्याच घरात जातो, म्हणून ‘र्ष’ हे एकच घर. आणि शेवटी ‘र्षण’ असलं की शब्द संस्कृतातून आलेला, हे जवळपास नक्की. असे शब्द मी शेपटाकडून बांधतो. ‘र्षण’च्या आधी एक अक्षर लावून बघायचं: कर्षण, घर्षण, वर्षण, हर्षण. दुसऱ्या घराला एवढेच दावेदार सुचले. मग पहिल्या घरात एका अक्षराचा उपसर्ग: आ, अ, सं, प्र, वि. पेन्सिलीने समासात जोडत गेलो तेव्हा ओळखीचे असे चार शब्द हाती लागले: आकर्षण, संकर्षण, संघर्षण, अवर्षण.

आता क्लूकडे परत यायचं. ‘संघर्षण’ म्हणजे घासणं, त्याचा ओढीशी संबंध नाही. ‘संकर्षण’ हे बलरामाचं नाव. देवकीच्या उदरातून गर्भ ओढून रोहिणीच्या उदरात नेला म्हणून ते पडलं, अशी पुराणातली कथा आहे. म्हणजे ओढण्याशी नातं आहे, पण ते क्रियेशी. कोडं रचणारा या शब्दाला ‘बलराम’ असाच क्लू देईल. राहिले दोन, ‘आकर्षण’ आणि ‘अवर्षण’. गंमत म्हणजे दोघांचीही शेवटची दोन अक्षरं तीच, घरं तेवढीच आणि दोघांनाही ‘ओढ’ लागू पडते.

मामांना शंकाच नव्हती. ते म्हणाले, “अवर्षणच असंल बघ. पावसानं ओढ दिली म्हणल्यावर दुसरं काय असतंय?”

आमच्या भागात हे म्हणणं अगदी साहजिक आहे. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस ज्यांनी काढले त्यांच्या कानाला ‘ओढ’ म्हटलं की आधी पाऊसच आठवतो. पण कोडं रचणारा कुठला, हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून मी एक चाचणी घेतो: क्लूचा शब्द असलेलं वाक्य घ्यायचं आणि त्याच्या जागी उत्तर ठेवून बघायचं.

“मामा, ‘पावसानं अवर्षण दिलं’ असं कुणी म्हणतं का?”

“न्हाई. अवर्षण पडतंय.”

इथे मुद्दा असा की नुसती ‘ओढ’ म्हणजे अवर्षण नव्हे. पाऊस ओढ देतो तेव्हा त्या सगळ्याला मिळून अवर्षण म्हणायचं. ‘तिला गावाची ओढ आहे’ या वाक्यात मात्र ‘गावाचं आकर्षण आहे’ बसतं. अर्थाची छटा थोडी हलते, वाक्य मोडत नाही. कौल आकर्षणाकडे झुकला. तरी ही चाचणी नुसता कल दाखवते. काही कोडेकार क्लू इतका सैल देतात की तिच्या भरवशावर पेनने लिहू नये.

खरा निकाल दुसऱ्या घराने दिला. पहिल्या घराच्या वर आणि खाली काळी घरं होती, म्हणजे तिथून उभा शब्द जातच नव्हता. दुसऱ्या घरातून मात्र तीन घरांचा उभा शब्द सुरू होत होता. त्याचा क्लू: ‘गुरांचा चारा’. हाही मोघम. मामांनी लगेच दोन शब्द सांगितले, कडबा आणि वैरण. एक ‘क’ने सुरू होणारा, दुसरा ‘व’च्या बाराखडीतला. म्हणजे वरचाच पेच इथेही: कडबा असेल तर आकर्षण, वैरण असेल तर अवर्षण.

पण नीट बघितलं तर तसं होत नाही. ‘अवर्षण’ला दुसऱ्या घरात ‘व’ लागतो, ‘वैरण’ देते ‘वै’. काही कोडेकार ऱ्हस्व-दीर्घाची सवलत घेतात, ‘कि’च्या जागी ‘की’ चालवून घेतात. पण ‘व’ आणि ‘वै’ एकाच घरात बसवलेले माझ्या पाहण्यात नाहीत. मात्रा बदलली की घर बदललं.

आणखी एक पुरावा आकड्यात होता, आणि मला तो सगळ्यात भक्कम वाटतो. त्या उभ्या शब्दाच्या तिसऱ्या घराच्या कोपऱ्यात बारीक क्रमांक छापलेला होता. डावीकडे काळं घर, उजवीकडे मोकळी घरं. म्हणजे तिथून एक आडवा शब्द सुरू होणार. ‘वैरण’ घातली तर त्या घरात ‘ण’ येतो, आणि मराठीत ‘ण’ने शब्द सुरू होत नाही. त्या आडव्या शब्दाचा क्लू न वाचताच वैरण बाद झाली. रफाराच्या अक्षराचंही तसंच आहे, ‘र्ष’ने कुठलाच शब्द सुरू होणार नाही. अशी अक्षरं आणि क्रमांकाची घरं समोरासमोर ठेवली की बरेच दावेदार अर्थ न बघताच गळतात.

मग तो क्लू वाचला: ‘काटेरी झाड’, तीन घरं. शिवारात तीन अक्षरांची काटेरी झाडं दोन सहज आठवतात, हिवर आणि बाभूळ. ‘कडबा’चं शेवटचं अक्षर ‘बा’, तेव्हा बाभूळ बसली आणि कडबा पक्का झाला. पुढे कुणी ‘बाभळ’ म्हणतं, कुणी ‘बाभूळ’, पण पहिल्या घराला त्याने फरक पडत नाही. कडब्यामुळे वर ‘क’ आला, आणि अवर्षण गेलं.

तरी ‘क’ने संकर्षण बाद होत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पहिल्या घराला उभ्या शब्दाचा आधार नव्हता, त्यामुळे ‘आ’ की ‘सं’ हे अक्षरांवरून कधीच ठरलं नसतं. तो निर्णय अर्थावरच घ्यावा लागला, आणि तिथे वाक्यात बदलून बघण्याची चाचणी कामाला आली: ‘गावाचं संकर्षण’ कुणी म्हणत नाही. मामांनी स्वतः पेन घेतलं आणि चार घरांत ‘आकर्षण’ लिहिलं.