झाडांनी खाल्लेली आठ मिनिटं

इमारत बांधून झाल्यावर कशी दिसेल, त्याचे फोटो आणि तिच्यातून फिरवणारा व्हिडिओ, म्हणजे वॉकथ्रू, मी कॉम्प्युटरवर बनवते. मागच्या महिन्यात एका बिल्डर साहेबांचा फोन आला. "मॅडम, एक फोटो तुम्ही पंधरा मिनिटांत पाठवता, मग एका मिनिटाच्या वॉकथ्रूला पंधरा दिवस कसे?" प्रश्न अगदी रास्त होता. मी त्यांना ऑफिसला बोलावलं आणि कॅल्क्युलेटर पुढे ठेवला. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एका मिनिटात १,५०० फोटो. प्रत्येकाला १४ मिनिटं धरली की ३५० तास होतात, म्हणजे मशीन रात्रंदिवस चालूनही जवळजवळ पंधरा दिवस.

"मग मोठा कॉम्प्युटर घ्या," ते म्हणाले. पण वेळ नेमका कुठे जातो ते आधी बघायचं होतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून चित्र काढणाऱ्या, म्हणजे रेंडर करणाऱ्या, सायकल्स या इंजिनवर काम चालू होतं. त्यांच्यासमोरच मी बागेची सगळी झाडं लपवून तीच फ्रेम रेंडर केली. सहा मिनिटांत झाली! आठ मिनिटं एकटी झाडं खात होती.

मग एक झाड अगदी जवळून दाखवलं. पान म्हणजे एक चौकोनी पट्टी, तिच्यावर पानाचा फोटो, बाजूचा भाग पारदर्शक. प्रकाशाचा किरण पट्टीवर आदळला की इथे पान आहे की मोकळी जागा, हे तपासून पुढे जातो, तिथे पुढची पट्टी असते. दाट झाडात हे एका किरणाला कितीतरी वेळा करावं लागतं. साहेबांना इथे पटलं.

जवळच्या झाडांना मी पानाच्या आकारातच कापलेली खरी पानं दिली, म्हणजे पारदर्शकपणाची तपासणीच संपली. एकाच झाडाच्या लिंक केलेल्या प्रती वापरल्याने मेमरीही वाढली नाही. कंपाउंडपलीकडची झाडं हलकी केली. फ्रेम आठ मिनिटांवर आली.

सेटिंग्जमध्ये, चित्रात किती दाणे चालतील ते ठरवणारा `Noise Threshold` ०.०१ होता आणि एका पिक्सेलला जास्तीत जास्त किती नमुने घ्यायचे ते ठरवणारा `Max Samples` ४०९६. ते ०.०५ आणि ५१२ केले, उरलेले दाणे अंदाजाने पुसणाऱ्या डीनॉइझरवर सोडले. दर फ्रेमला सीन नव्याने लोड होण्यात पाऊण मिनिट जायचं, ते `Persistent Data` ने वाचलं. मात्र हा पर्याय सीन मेमरीत धरून ठेवतो, ग्राफिक्स कार्डची मेमरी आधीच भरलेली असेल तर तो उलटा अंगावर येतो. शेवटी फ्रेमला साडेतीन मिनिटं, एकूण ८८ तासांच्या आत.

एकच सुटी फ्रेम बघून ही सेटिंग्ज कधीच ठरवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. डीनॉइझर प्रत्येक फ्रेममध्ये थोडा वेगळा अंदाज करतो, म्हणून फोटोत स्वच्छ दिसणारी भिंत व्हिडिओत लुकलुकते. सलग २० फ्रेम काढून चालवून बघितल्या तेव्हा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, जिथे उजेड फक्त परावर्तित होऊन पोचतो, डाग हलताना दिसले. साहेबांनीच बोट ठेवलं, "हे काय थरथरतंय?" तेवढ्या सहा सेकंदांच्या शॉटसाठी, म्हणजे १५० फ्रेमसाठी, `Noise Threshold` ०.०२ वर आणला आणि `Max Samples` दुप्पट केले. त्याने आणखी सात-आठ तास गेले, ते साहेबांनी आनंदाने दिले.