"कसला फॉर्म?"

आयशरवर ड्रायव्हर हवाय म्हणून फेसबुकवर पैसे भरून जाहिरात टाकली आहे. फॉर्ममध्ये नाव-नंबर आपोआप भरला जातो, दोन टिचक्यांत अर्ज गेला. आज फोन लावले, तर निम्म्यांचं एकच, "कसला फॉर्म?"

दुपारी सेटिंगमध्ये Higher intent निवडलं. आता पाठवण्याआधी माहिती पुन्हा बघावी लागते. शिवाय एक उत्तर हातानेच टाइप करायचं: लायसन्सवर कुठला वर्ग, मुदत कधीपर्यंत? आमच्या गाडीचं भरल्यावर वजन 7500 किलोच्या वर जातं, तिथे नुसतं एलएमव्ही चालत नाही.

अर्ज एकदम आटले. पण संध्याकाळी एकाने वर्ग, मुदत सगळं नीट लिहून खाली विचारलं, "नाइटचा भत्ता पगारातच की वेगळा?" वेगळा, बाबा. उद्या ट्रायलला येतोय.