आईचं चालतं ते कुठपर्यंत

"पुरुषसत्ता, पुरुषसत्ता म्हणता, पण आमच्या घरात तर सगळं आईचंच चालतं. मग ती आहे कुठे?"

आईचं कशात चालतं, ते आधी बघा. भाजी कोणती, पाहुण्यांना काय वाढायचं, सुनेने कधी उठायचं, हे ती ठरवते. घर विकायचं का, मुलीला बारावीनंतर पुण्याला पाठवायचं का, हे बहुतेक घरांत दुसरं कोणी ठरवतं. पुरुषसत्ता म्हणजे पुरुषांचा वाईटपणा नव्हे. कोणाचं काम मोजायचं, कोणी परवानगी मागायची आणि शेवटचा शब्द कोणाचा, हे जन्मावरून ठरवणारी ती व्यवस्था आहे. ती सासूही चालवते, शिक्षिकाही.

सोलापूरच्या पूर्व भागातलं विडीकाम घ्या. बाई कारखान्यातून पानं आणि तंबाखू घरी आणते. पानं भिजवते, पत्र्याच्या साच्यावर ठेवून कातरीने कापते, तंबाखू भरून वळते, दोऱ्याने बांधते, तोंडं मिटवते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. पान फाटकं निघालं किंवा तपासणीत विड्या बाद झाल्या, तर तोटा तिचाच. हे सगळं स्वयंपाक, पाणी, पोरं सांभाळत चालतं, म्हणून घरचे सांगतात, "ती घरीच असते." नवरा यंत्रमागावर पाळी करून आला की तो "कामावरून" आलेला असतो. दोघांचे तास एका कागदावर मांडले की फरक लगेच दिसतो. देशभरच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकामात रोज बायकांची २८९ मिनिटं गेली, पुरुषांची ८८. हे आकडे घरकाम करणाऱ्यांचेच आहेत. ज्या पुरुषांनी त्या दिवशी ते केलंच नाही, ते या सरासरीत नाहीत.

मजुरी नगावर असली की मदतीचे हात हिशेबात येत नाहीत. संध्याकाळी हजार पुरे होत नसले की तोंडं मिटवायला मुलगी बसते, मुलगा बाहेर खेळतो. सकाळी तिचा गृहपाठ अपुरा असतो आणि वर्गात तिला "अभ्यासात लक्ष नाही" असा शेरा मिळतो. शाळाही तेच शिकवते: बाक उचलायला मुलगे, पाहुण्यांना ओवाळायला मुली. ऑफिसात चहा सांगायचा झाला की नजर बाईकडेच वळते.

मुलग्यांनाही याची झळ बसते. कमवायचं ओझं त्यांच्यावर, म्हणून शाळा सोडून मागावर लवकर जावं लागतं. मालकापुढे मागवाल्या पुरुषाचंही काही चालत नाही, हेही खरंच. पण घरी परतल्यावर आयतं ताट त्यालाच मिळतं.

कोणी म्हणेल, आता घरं बायकांच्या नावावर होतात. होतात. महाराष्ट्रात बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पण नाव कागदावर आलं म्हणून सत्ता आली असं नाही. मूळ कागद कोणाच्या कपाटात आहेत, कर्ज काढताना तिला सही कुठे करायची एवढंच सांगतात की कर्ज किती आणि कशासाठी हेही, आणि ती "नाही" म्हणाली तर व्यवहार थांबतो का, हे घरी विचारून बघा.