एकाच डागाची तीन रूपं: सीटीवरच्या विंडोने मला काय शिकवलं

विसर्जन होऊन आठवडा झाला असेल. ओपीडीत तापाचे रुग्ण भरलेले. त्यात वेंगुर्ल्याजवळच्या गावातल्या ६१ वर्षांच्या एक काकी होत्या, काजू सोलण्यात ज्यांची उभी हयात गेली. आठवडाभराचा ताप उतरला होता, पण एक्स-रेत उजव्या बाजूला वर एक सावली दिसली म्हणून त्यांना आमच्याकडे सीटीला पाठवलं होतं. एक्स-रेतली ती सावली म्हणजे पहिल्या बरगडीच्या टोकाला साचलेलं कॅल्शियम निघालं. मात्र तिच्यापासून थोड्या अंतरावर, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात, एक दुसराच डाग होता, जो एक्स-रेत दिसलाच नव्हता.

मला रेडिओलॉजिस्ट म्हणून काम सुरू करून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. डाग फिकट होता. नीट दिसावा म्हणून माउस धरून मी कॉन्ट्रास्ट ओढत गेले. हळूहळू फुप्फुस काळं झालं आणि डाग पांढराशुभ्र उठून आला. मोजला, १२ मिलिमीटर. ‘सॉलिड नोड्यूल’ असं मी कच्च्या रिपोर्टमध्ये टाइप केलं. बाहेर त्यांची मुलगी थांबली होती. तिला मी सांगून टाकलं की गाठ भरीव दिसते आहे, बहुतेक पुढे सुईने तुकडा काढून तपासावा लागेल. ते ऐकल्यावर ती बाकावर कशी बसली, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

सही करण्याआधी मी शिकत होते तिथल्या मॅडमना फोन केला. त्यांनी डाग कसा दिसतो हे विचारलंच नाही. पहिला प्रश्न असा होता, “तुझी विंडो कितीवर आहे?”

मी स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे हे आकडे होते:

```
WW 400  WL -750
```

“अगं, मग पांढरं दिसणारच,” त्या म्हणाल्या. “आकडे मांडून बघ.”

फोन चालू ठेवून कागदावर मांडलेलं ते गणित इथेही मांडते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सीटीच्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यामागे हाउन्सफिल्ड युनिटमधली एक संख्या असते. हवा उणे १०००, पाणी शून्य, रक्तवाहिनी किंवा भरीव गाठ साधारण ३० ते ५०. श्वास भरून घेतलेलं निरोगी फुप्फुस उणे ८५० च्या आसपास, कारण त्यात बहुतेक हवाच असते. इतक्या सगळ्या संख्यांना स्क्रीनवर वेगवेगळ्या करड्या छटा दिल्या तरी आपल्या डोळ्याला त्या वेगळ्या कळणार नाहीत. म्हणून त्यातला एक पट्टा निवडून फक्त त्यालाच छटा वाटून दिल्या जातात. तो पट्टा म्हणजे विंडो. लेव्हल, स्क्रीनवरचं WL, म्हणजे पट्ट्याचा मध्य आणि विड्थ, स्क्रीनवरचं WW, म्हणजे त्याची रुंदी. पट्ट्याच्या खालचं सगळं सारखंच काळं दिसतं आणि वरचं सगळं सारखंच पांढरं.

माझा पट्टा उणे ९५० पासून उणे ५५० पर्यंत होता. मॅडमच्या सांगण्यावरून डागाच्या आत, कडेला आणि रक्तवाहिनीला न लागेल असं छोटं वर्तुळ काढून मी सरासरी पाहिली. ती उणे ५३० आली, म्हणजे पट्ट्याच्या जेमतेम वर. भरीव गाठीची संख्या शून्याच्याही वर असायला हवी होती. उणे ५३० म्हणजे अर्ध्याहून जास्त हवाच. पण माझ्या विंडोत उणे ५३० आणि अधिक ३० या दोन्ही संख्यांना एकच पांढरा रंग मिळत होता.

मग मी फुप्फुसाची नेहमीची विंडो लावली, विड्थ १५०० आणि लेव्हल उणे ६००. आता पट्टा उणे १३५० पासून १५० पर्यंत पसरला. डाग लगेच मऊ, करडा झाला. फुप्फुस गडद करडं, डाग मध्यम करडा आणि रक्तवाहिन्या जवळजवळ पांढऱ्या, अशा तीन पायऱ्या वेगळ्या दिसू लागल्या. आणि जे मघाशी दिसलंच नव्हतं ते दिसलं: एक बारीक रक्तवाहिनी डागाच्या आतून आरपार गेलेली.

ग्राउंड ग्लास म्हणतात ते हेच. घासलेल्या काचेतून पाहावं तसा धूसरपणा, पण त्यातून रक्तवाहिन्यांच्या आणि श्वासनलिकांच्या कडा ओळखू येतात. आमच्या खाडीवर थंडीतल्या सकाळी धुकं उतरतं तेव्हा होड्यांच्या डोलकाठ्या धुक्यातूनही मोजता येतात, तसं. सॉलिड डागात त्या कडा बुडून जातात, पलीकडचं काही दिसत नाही. म्हणजे फरक पांढरेपणाचा नाही, आतल्या वाहिन्या दिसतात की नाही याचा आहे. मी अरुंद विंडो लावून धुकं आणि डोलकाठी एकाच रंगात रंगवली होती.

मॅडमनी मग उलट्या बाजूनेही तपासायला लावलं. हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या पाहण्यासाठी जी मीडियास्टायनल विंडो वापरतात ती लाव म्हणाल्या, विड्थ ४०० आणि लेव्हल ४०. तिचा पट्टा उणे १६० पासून २४० पर्यंत. उणे ५३० चा डाग त्याच्या फार खाली पडतो, म्हणून तो पूर्ण काळा झाला, जणू तिथे काही नव्हतंच. नुसती ही विंडो पाहून रिपोर्ट दिला असता तर फुप्फुस स्वच्छ आहे असं लिहिलं गेलं असतं. एकाच डागाची एका तासात मी तीन रूपं पाहिली: दाट पांढरं, धूसर करडं आणि शून्य. डाग मात्र होता तसाच होता.

मीडियास्टायनल विंडोत डाग नाहीसा होणं हा ग्राउंड ग्लासचा चांगला पुरावा आहे असं मला वाटलं, आणि बहुतेक वेळा तो असतोही. पण मॅडमचा पुढचा प्रश्न आला, “स्लाइस किती जाडीची आहे?” स्लाइस म्हणजे सीटीच्या चित्रातला शरीराचा एकेक काप. मी ५ मिलिमीटरच्या स्लाइस पाहत होते. काकी उठून गेल्या होत्या, पण मशीनवर त्यांचा कच्चा डेटा अजून होता. तो काही दिवसांत पुसला जातो, म्हणून आमच्या टेक्निशियन काकांनी दुपारचं जेवण बाजूला ठेवून त्यातून १ मिलिमीटरच्या स्लाइस बनवून दिल्या.

वरच्या डागाच्या बाबतीत निष्कर्ष पक्का झाला. एका स्लाइसमध्ये त्याच्या मधोमध ३ मिलिमीटरचा पांढरा ठिपका दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. धूसर डागात भरीव गाभा असेल तर त्याला पार्ट-सॉलिड म्हणतात, आणि तो गाभा जितका मोठा तितकी आजूबाजूला पसरणाऱ्या कर्करोगाची शंका जास्त. पण एकेक स्लाइस वर-खाली सरकवली तेव्हा तो ठिपका दोन्ही बाजूंना लांबत गेला आणि मघाच्याच रक्तवाहिनीला मिळाला. वाहिनी आडवी कापली गेली की गोल ठिपका दिसते. खरा गाभा असता तर दोन-तीन स्लाइसमध्ये संपला असता.

धक्का दुसरीकडून बसला. डाव्या फुप्फुसाच्या खालच्या खंडात जाड स्लाइसवर आणखी एक अगदी छोटा धूसर डाग होता. सुधारलेल्या रिपोर्टमध्ये मी त्यालाही ग्राउंड ग्लास म्हणणार होते, कारण त्याची संख्या उणे ५०० येत होती आणि मीडियास्टायनल विंडोत तोही गायब होत होता. दोन्ही खुणा जुळत होत्या. १ मिलिमीटरच्या स्लाइसवर तोच डाग ४ मिलिमीटरचा, नेटक्या कडांचा, भरीव दिसला. मधली संख्या २५. मीडियास्टायनल विंडोतही तो पांढरा ठिपका म्हणून हजर होता.

असं कशामुळे झालं? हा ४ मिलिमीटरचा गोळा दोन जाड स्लाइसच्या सीमेवर बसला होता. प्रत्येकीच्या ५ मिलिमीटर जाडीत त्याचा वाटा फक्त २ मिलिमीटर, उरलेले ३ मिलिमीटर हवेने भरलेलं फुप्फुस. मशीन त्या सगळ्या जाडीची सरासरी काढतं: दोन भाग ३०, तीन भाग उणे ८६०, सरासरी साधारण उणे ५००. म्हणजे भरीव गोळा हवेत मिसळून धुकं बनला होता. विंडो कशीही फिरवली असती तरी हे कळलं नसतं, कारण इथे संख्याच चुकीची झाली होती, आणि विंडो फक्त संख्येला रंग देते. आधी स्लाइस बारीक, मग विंडो, हा क्रम मी तेव्हापासून मोडलेला नाही.

नावांचा हा फरक काकींच्या दृष्टीने किती मोठा होता ते सांगते. छातीच्या रेडिओलॉजीतल्या तज्ज्ञांची संस्था असलेल्या फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार ८ मिलिमीटरहून मोठ्या भरीव गाठीला तीन महिन्यांत पुन्हा सीटी, पेट स्कॅन किंवा बायोप्सी यांचा विचार होतो. ६ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या, निव्वळ ग्राउंड ग्लास डागाला ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा पाहायचं आणि टिकून असेल तर दर दोन वर्षांनी, पाच वर्षांपर्यंत. ६ मिलिमीटरहून लहान, एकट्या भरीव गाठीसाठी, धोका कमी असेल तर वेगळा पाठपुरावा लागत नाही. म्हणजे ज्या डागासाठी मी सुईची भाषा केली होती त्याला वाट पाहायची होती. मुलीला मी परत आत बोलावलं, तीन विंडो तिच्यासमोर फिरवून दाखवल्या आणि माझी चूक झाली हे सांगितलं. हा डाग तापातल्या संसर्गाचाही असू शकतो, मग तो विरून जाईल. टिकला तर तो फार सावकाश वाढणाऱ्या प्रकारातला असू शकतो, म्हणून पुन्हा यायचंच, हेही सांगितलं.

काकी पुन्हा आल्या त्या आठ महिन्यांनी, मे महिन्यात. टेक्निशियन काकांनी टेबलावर झोपवून सांगितलं, “काकी, मोठो दम घेवा. आता वायच धरून ठेवा.” हे सांगणं महत्त्वाचं असतं. श्वास अर्धवट सोडलेला असेल तर फुप्फुसातली हवा कमी होते, सगळंच करडं पडतं आणि धूसर डाग त्यात हरवतो किंवा नसलेला डाग दिसू लागतो. या वेळी १ मिलिमीटरच्या स्लाइस सुरुवातीलाच बनवल्या. जुना आणि नवा स्कॅन शेजारी ठेवून दोन्हीकडे आकडे हाताने टाइप केले, माउसने ओढले नाहीत:

```
WW 1500  WL -600
```

वरचा डाग तसाच होता, १२ मिलिमीटर, वाहिनी आरपार, गाभा नाही. डावीकडचा ठिपका ४ मिलिमीटरच. वरचा डाग विरला नव्हता, म्हणजे तो संसर्गाचा नसावा. वाढलाही नव्हता.

मुलीने विचारलं, आता पुढची तपासणी कधी आणि येताना फिल्म आणायची का. दोन वर्षांनी, मी म्हटलं, आणि फिल्म नाही आणली तरी चालेल पण सीडी नक्की आणा. फिल्मवर विंडो एकदाच छापली जाते, ती नंतर कुणालाच बदलता येत नाही. सीडीत मूळ संख्या असतात. तिने सीडीच्या पाकिटावर माझ्याकडून तारीख लिहून घेतली, आणि तारखेखाली मी ‘१ मिलिमीटर’ असंही लिहिलं.