एक चेक परत आला आणि तिघांच्या नावावर दंड पडला

इचलकरंजीत माझं गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. २०२४च्या पावसाळ्यात एका कंत्राटदाराने कामगारांच्या गणवेशाचे ४८,००० रुपये चेकने दिले. मी तो बुधवारी बँकेत भरला. आदल्याच दिवशी मी कापडाच्या शेठना ३६,००० चा चेक दिला होता आणि त्यांनीही तो बुधवारीच टाकला. माझ्या खात्यात तेव्हा होते ९,४०० रुपये.

बुधवारी रात्री मोबाइलवर शिल्लक ५७,४०० दिसली आणि मी निश्चिंत झोपले. त्याच आकड्याखाली बारीक अक्षरात 'Available Balance' ९,४०० होती, ती मी वाचलीच नाही. भरलेला चेक जमा झालेला दिसला तरी समोरच्या बँकेने तो मंजूर करेपर्यंत ते पैसे आपल्याला वापरता येत नाहीत.

गुरुवारी दुपारी दोन मेसेज आले. कंत्राटदाराचा चेक परत आला होता, आणि शेठना दिलेला माझाही.

शुक्रवारी बँकेत गेले. काउंटरवरच्या मॅडमनी कंत्राटदाराचा मूळ चेक आणि त्याला टाचलेला रिटर्न मेमो हातात दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं 'Funds Insufficient'. मग त्यांनी स्टेटमेंट काढून माझ्यासमोर ठेवलं. ४८,००० जमा, लगेच खाली ४८,००० वजा. त्याखाली १७७ वजा आणि त्याखाली ५९० वजा.

"ताई, १७७ हे तुम्ही भरलेला चेक परत आला त्याचे. दीडशे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. आणि ५९० तुम्ही दिलेला चेक वटला नाही त्याचे. पाचशे अधिक जीएसटी."

म्हणजे ७६७ रुपये गेले आणि शिल्लक ८,६३३ वर आली. दर प्रत्येक बँकेचे वेगळे असतात, पण चेक देणाऱ्याचा दंड भरणाऱ्यापेक्षा बराच जास्त असतो. तिकडे कंत्राटदाराच्या बँकेने त्याला दंड लावला आणि शेठच्या बँकेने शेठना. शेठचा तर काहीच दोष नव्हता. याचं मला सर्वांत वाईट वाटलं.

मेमोवरचं कारण नीट वाचावं, हे मॅडमनी आवर्जून सांगितलं. ग्राहकाची चूक नसताना केवळ तांत्रिक कारणाने चेक परत आला, तर बँकेने शुल्क घेऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझ्या बाबतीत तो लागू नव्हता. सिबिलचंही मी विचारलं. नुसता चेक परत आल्याची नोंद तिथे जात नाही, पण स्टेटमेंटवर ती ओळ राहते, आणि कर्ज मागायला गेलं की अधिकारी स्टेटमेंट चाळतात.

त्याच संध्याकाळी मेहुण्यांकडून तीस हजार घेतले आणि शेठच्या खात्यात ३६,१७७ पाठवले, त्यांना पडलेला दंड धरून. शेठनी माझा चेक आणि मेमो परत दिला. तो परत घेणं फार गरजेचं, कारण चेकवरच्या तारखेपासून तीन महिने तो पुन्हा बँकेत टाकता येतो.

कंत्राटदार फोनवर म्हणाला, "ताई, सोमवारी परत टाका ना, पैसे येतायत." मी नाही म्हटलं. पुन्हा परत आला असता तर पुन्हा १७७ माझेच गेले असते. पैसे थेट खात्यात पाठवा, एवढंच सांगितलं.

दरम्यान वकिलांना भेटून आले. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात. त्यातही दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कलम १३८ खाली कोर्टात तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऐकताना लक्षात आलं, की हीच नोटीस शेठ मलाही पाठवू शकले असते. माझा चेक दुसऱ्याच्या चेकमुळे वटला नाही, हे कारण तिथे चाललं नसतं.

ऑक्टोबर २०२५ पासून चेकची प्रतिमा दिवसभर पुढे जात राहते आणि निकाल बहुधा त्याच दिवशी लागतो. त्यामुळे 'शेठचा चेक उद्या लागेल, तोवर आपले पैसे येतील' हा हिशेब आता अजिबात धरता येत नाही. हल्ली मी चेकबुक उघडण्याआधी 'Available Balance' बघते आणि दिलेल्या चेकची रक्कम वहीत लगेच वजा करते.

कंत्राटदाराने नवव्या दिवशी ४८,१७७ पाठवले. पैसे खात्यात दिसल्यावरच मी त्याचा चेक आणि मेमो त्याच्या हातात दिला.