माझी पहिली सोनोग्राफी, आणि आठव्या आठवड्यात ठोके का ऐकवले नाहीत

आमचं गाव औशाजवळ, सोनोग्राफीला लातूरला जावं लागतं. फोनवर सांगितलं होतं की येताना भरपूर पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका. मी शहाण्यासारखी घरूनच लिटरभर पाणी पिऊन एसटीत बसले, आणि मग रस्त्यातला एकेक खड्डा मला मोजून आठवतोय. तिथं पोचले तर पुढं अकरा बायका. नववी बाई आत गेली तेव्हा माझा धीर सुटला, जाऊन आले, आणि नंबर लागल्यावर मॅडम म्हणल्या ताई ब्लॅडर रिकामं आहे, परत पाणी प्या आणि बसा. झालं, अजून पाऊण तास.

त्या पाऊण तासात आत्याबाईंनी (आमच्या सासूबाई) बाकड्यावरच सुरू केलं. आमच्या टायमाला असलं काही नव्हतं, त्या मशीनची किरणं लेकराला लागतात, एकदा काढलं तर काढलं पण सारखं सारखं कशाला. खरं सांगते, मलाही तेच वाटायचं, एक्स-रेचाच हा भाऊ असणार. म्हणून आत गेल्यावर, फॉर्म एफवर सही वगैरे झाल्यावर (मुलगा की मुलगी हे विचारणार नाही म्हणून ती सही घेतात, भिंतीवर बोर्डही असतो), मी मॅडमना सरळ विचारलं की किरणं किती लागतात.

त्या म्हणल्या किरणं नाहीतच ह्याच्यात, हा आवाज आहे. आणि मग हात चालू ठेवूनच समजावलं, ते मला जसं कळलं तसं लिहिते.

आडात वाकून हाक मारली की हाक परत येते, आणि आड जितका खोल तितकी उशिरा येते. इथं तेच, फक्त आवाजाची पट्टी इतकी वरची की आपल्या कानाला कळतच नाही. आपल्याला सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं, पोटावरून करतात त्या सोनोग्राफीत साधारण 20 ते 50 लाख असतात. हातातल्या त्या प्रोबमध्ये छोटेछोटे क्रिस्टल असतात, त्यांना करंट दिला की ते थरथरतात आणि आवाज निघतो, आणि परत आलेला आवाज त्यांच्यावर आदळला की तेच उलटे करंट देतात, म्हणजे तोंडही तेच आणि कानही तेच. शरीरात आवाज सेकंदाला 1540 मीटर जातो असं मशीन धरून चालतं. समजा आवाज जाऊन परत यायला सेकंदाचा दहा हजारावा भाग लागला, तर जाऊनयेऊन अंतर झालं पंधरा सेंटिमीटर आणि थोडं, त्याचं अर्धं म्हणजे ती वस्तू पावणेआठ सेंटिमीटरवर आहे, तिथं एक ठिपका काढायचा. प्रतिध्वनी जोरात आला तर ठिपका पांढरा, आलाच नाही तर काळा. पाण्यातून काहीच परत येत नाही म्हणून गर्भपिशवीतलं पाणी काळं दिसतं, आणि हाडावरून बराचसा आपटून येतो म्हणून हाड पांढरं.

लघवी का तुंबवायची तेही तिथंच कळलं. ह्या आवाजाचं आणि हवेचं जमत नाही, हवा आली की आवाज तिथूनच जवळपास सगळा माघारी. आतड्यात गॅस असतो, भरलेलं ब्लॅडर त्या आतड्यांना बाजूला सारतं आणि स्वतः पाण्याची खिडकी होतं. जेलचं काम पण तेच, प्रोब आणि कातडीमध्ये हवेचा पापुद्राही राहू नये. मला वाटायचं जेल नुसतं घसरायला लावतात.

तर स्क्रीनवर काळ्या पाण्यात एक शेंगदाण्याएवढं पांढरट काहीतरी. मॅडमनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली, 16 मिलिमीटर. म्हणल्या आठ आठवडे. पाळीच्या तारखेवरून मी नऊ आठवडे दोन दिवस मोजले होते, नऊ दिवसांचा फरक, म्हणून डिलिव्हरीची तारीख पुढं सरकवली. ह्या वयात सगळी लेकरं जवळपास एकाच मापाची असतात म्हणून मापावर विश्वास ठेवायचा, नंतर प्रत्येकाची वाढ वेगळी होते.

मग मी म्हणलं मॅडम ठोके ऐकवा ना, माझ्या जावेला ऐकवले होते. त्या म्हणल्या आत्ता नाही, दाखवते. एक रेघ शेंगदाण्यावर नेली आणि स्क्रीनवर समुद्राच्या लाटांसारखी नक्षी उमटायला लागली, तिच्यावरून मोजून सांगितलं 165. आवाज मात्र नाही. मला जरा राग आला, एवढं काय जातंय ह्यांचं.

कारण नंतर सांगितलं आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. एक्स-रेमध्ये इतकी ताकद असते की तो अणूमधला इलेक्ट्रॉन उडवतो, पेशीतल्या डीएनएला इजा करू शकतो. आवाजात ती ताकद नाही, तो फक्त हलवतो. पण हलवलं की थोडी ऊब येतेच. साध्या चित्रात मशीन एवढासा आवाज सोडतं आणि उरलेला जवळपास सगळा वेळ गप्प बसून ऐकतं, त्यामुळं ऊब नगण्य. ठोके ऐकवायचे तर डॉपलर लावावा लागतो, त्यात आवाजाचे लांब लांब फटके एकाच जागेवर पुन्हापुन्हा मारतात, आणि आठव्या आठवड्यात त्या जागेवर सगळे अवयव बनायलेत. बाळाला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण नक्षीवरून आकडा मिळतोय तर उगीच कशाला. स्क्रीनच्या कोपऱ्यात TIs 0.2 असं बारीक अक्षरात होतं, ते त्या ऊबेचंच माप. 1 म्हणजे साधारण एक अंशापर्यंत तापण्याची शक्यता. त्या म्हणल्या आम्ही हा आकडा कमी ठेवतो आणि काम झालं की प्रोब उचलतो. म्हणजे सोनोग्राफी सौम्य आहे, पण हौस म्हणून अर्धा तास लावून बसायची गोष्ट नाही.

आणि ते धडधड ऐकू येतं ना, ते म्हणे बाळाच्या छातीला माईक लावून नसतं. हलत्या रक्तावरून परत येणाऱ्या आवाजाची पट्टी थोडी बदलते, तो फरक मशीन स्पीकरवर वाजवतं. जावेला सांगितलं तर तिला पटलंच नाही.

बाहेर आल्यावर आत्याबाईंनी पहिलं काय केलं तर माझ्या पोटाला हात लावून बघितलं, भाजलंय का म्हणून. जेलनं गारठलेलं होतं.

एकोणिसाव्या आठवड्यात परत गेलो, ह्या वेळी पाण्याची सक्ती नव्हती, गर्भपिशवीतलं पाणीच पुरतं. बाळ पालथं. पाठीचा कणा आमच्याकडं, आणि हाडामागं आवाज जातच नाही, म्हणून हृदयावर काळी सावली, चार कप्पे काही केल्या दिसेनात. मॅडम म्हणल्या मशीनचा दोष नाही आणि बाळाचा पण नाही, जा फिरून या, काहीतरी खा. आम्ही दोघी समोरच्या गाड्यावर पोहे खाऊन, गल्लीला चार चकरा मारून आलो तर साहेब, नाही, साहेब म्हणायचं नाही, बाळ कुशीवर वळलं होतं. कप्पे दिसले, चारही. मग डॉपलर लावला, चारपाच सेकंदच, आत्याबाईंना आत बोलावलं होतं. घोडा पळतोय का काय म्हणल्या, आणि लगेच मॅडमना, बास बास, बंद करा आता.